सोलापूरच्या उन्हात काउंटरवर सनमायका: सोल्युशन नेमकं कधी ‘तयार’ होतं?

प्रश्न: नवी पेठेत आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे. एप्रिलमध्ये सुताराकडून सहा बाय दोन फुटांचा प्लायचा काउंटर करून घेतला. वर एक एमएम सनमायका रबर सोल्युशनने चिकटवला. महिन्याभरात डावीकडची कड सुटली आणि उजवीकडे तळहाताएवढा फुगा आला. सुतार म्हणतो, सोल्युशनच खराब होतं. आता तेवढाच दुसरा काउंटर मी आणि भाऊ मिळून करणार आहोत. कुठलं सोल्युशन घ्यावं आणि चिकटवायचं कसं?

उत्तर:

सोल्युशन खराब असतं तर सगळा सनमायका सारखाच सुटला असता. एका टोकाला कड सुटते आणि दुसऱ्या टोकाला फुगा येतो, तेव्हा बहुतेक वेळा गडबड वेळेची असते. सोल्युशन डावीकडून लावायला सुरुवात केली असणार. उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत डावीकडचं गरजेपेक्षा जास्त सुकलं आणि उजवीकडचं अजून आतून ओलं होतं. त्यात वर पंखा चालू असेल, तर दोन टोकांमधला फरक आणखी वाढतो. म्हणून कुठला डबा घ्यावा यापेक्षा लावलेलं सोल्युशन चिकटवायला कधी तयार होतं, हे ओळखणं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर सुटलेली कड हलकेच उचलून आत बघा. प्लाय आणि सनमायका, दोन्हींवर गुळगुळीत, चकचकीत, कोरडा थर दिसत असेल तर दोन थर एकमेकांत मिसळलेच नाहीत, म्हणजे ते जास्त सुकले होते किंवा दाब कमी पडला. फुग्याजवळ उचलल्यावर तारा निघत असतील आणि अजून थिनरसारखा वास येत असेल, तर आत ओलं राहिलं होतं. सगळं सोल्युशन सनमायकाला चिकटून आलं आणि त्यावर लाकडाचा भुसा दिसला, तर प्लाय झाडून पुसला नव्हता किंवा प्लायने पहिला हात पिऊन टाकला होता. उलट सगळं प्लायवरच राहिलं असेल, तर सनमायकाच्या मागच्या बाजूला धूळ किंवा तेलाचा हात लागला होता. तुमच्या दुकानात शेंगदाण्याचं तेल हाताला असतंच, त्यामुळे हे शेवटचं कारण नजरेआड करू नका.

आता हे सगळं का होतं ते सांगतो, म्हणजे पुढचे टप्पे पाठ करावे लागणार नाहीत. पांढरा फेविकॉल पाण्यातला असतो. तो ओला असताना चिकटवायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचा. रबर सोल्युशनचं गणित उलटं आहे. त्यात कृत्रिम रबर टोल्युइनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं असतं. ते दोन्ही पृष्ठांवर लावायचं, द्रव उडून जाऊ द्यायचा आणि मग दोन कोरडे थर एकमेकांवर टेकवायचे. टेकताक्षणी रबर रबराला धरतं. इथे दाब किती वेळ दिला याला फारसं महत्त्व नाही, किती जोराने दिला याला आहे. रात्रभर सिमेंटची पोती ठेवून किंवा खिळे ठोकून यात काहीच साधत नाही. शिवाय सनमायका आणि प्लाय दोन्हींमधून हवा जात नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून आत अडकलेल्या द्रवाला बाहेर पडायला वाट नसते. दुपारी काउंटर तापला की त्याची वाफ होते आणि ती सनमायका वर उचलते. तोच तुमचा फुगा.

डब्यावर १५ ते ३० मिनिटं सुकवा असं लिहिलेलं असतं. ते साधारण २५-३० अंशांच्या खोलीसाठी ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत वरची साय चार-पाच मिनिटांतच धरते आणि बोटाला सगळं सुकल्यासारखं वाटतं, पण जाड थराच्या पोटात ओल तशीच असते. म्हणून उन्हाळ्यात घड्याळावर विसंबू नका, बोटावर विसंबा. बोटाची मागची बाजू थरावर टेकवून उचला. बोटाला काही लागलं नाही, तार निघाली नाही, पण किंचित ओढ जाणवली, तर थर तयार आहे. मग त्याच जागी अंगठा जोरात दाबून थोडा फिरवा. वरची साय सरकून खाली ओलं सोल्युशन दिसलं, तर अजून थांबा. दुसरी चाचणी खाकी कागदाची. कागदाचा तुकडा दाबून उचलल्यावर न चिकटता सुटला पाहिजे. या चाचण्या एकाच जागी करू नका. दोन्ही टोकांना, मध्ये आणि दोन्ही पृष्ठांवर करा.

उन्हाळ्यात काम सकाळी करा. साडेसहा-सातला सुरुवात केली की नऊच्या आत चिकटवून होतं. संध्याकाळ सोयीची वाटते, पण दिवसभर तापलेला प्लाय आणि भिंती तोवर गरमच असतात. सनमायका आणि प्लाय दोन दिवस आधी त्याच खोलीत आणून सपाट ठेवा. सनमायका हवेतल्या ओलाव्याप्रमाणे थोडा आकसतो आणि फुगतो, लांबीपेक्षा रुंदीत जास्त. गच्चीवरच्या उन्हातून थेट आणलेली शीट चिकटवली, तर पावसाळ्यात तिच्या कडा ताणतात. काम चालू असताना छताचा पंखा बंद ठेवा, खिडक्या-दारं उघडी ठेवा. पंख्याने धूळही बसते आणि थर एकसारखा सुकत नाही. दुसरं म्हणजे ही वाफ पेट घेते आणि जमिनीलगत पसरते. भाकरीची शेगडी, देवापुढचा दिवा, विडी, कटिंग मशीनची ठिणगी, यातलं काहीही त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत नको. डोकं जड वाटायला लागलं तर बाहेर या.

सामानाचा हिशेब सोपा आहे. माथा सहा बाय दोन, म्हणजे १२ चौरस फूट. समोरची आणि दोन्ही बाजूंची कड मिळून १० फूट लांब. प्लाय १९ एमएमचा धरला आणि काउंटर भरदार दिसावा म्हणून कडेखाली त्याच प्लायची तीन इंची पट्टी लावली, तर कड दीड इंच जाड होते. म्हणजे आणखी सव्वा चौरस फूट. प्लायवर दोन हात आणि सनमायकावर एक, असे मिळून चाळीसेक चौरस फूट ब्रश फिरवायचा आहे. एक लिटरचा डबा त्याला पुरतो. प्लाय बीडब्ल्यूआर किंवा मरीन घ्या, कारण दुकानाचा काउंटर रोज ओल्या फडक्याने पुसला जातो. सोल्युशन कुठल्याही प्रचलित कंपनीचं चालेल. फक्त डबा ताजा असावा आणि उघडल्यावर मधासारखा वाहावा. गुठळ्या दिसल्या किंवा जेलीसारखं झालं असेल, तर थिनर घालून ते वाचवू नका. दुकानात मिळणारे रंगाचे थिनर या रबराशी जुळतीलच असं नाही, आणि पातळ झालेल्या थरात रबरच कमी उरतं.

प्लायची तयारी म्हणजे सपाटी आणि स्वच्छता. खिळ्यांची डोकी आत ठोका, खड्डे लाकडाच्या लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने भरा. भिंतीची पुट्टी वापरू नका. ती भुसभुशीत असते आणि तिथून थर सुटतो. लांबी सुकल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग १२० नंबरचा. लोखंडी पट्टी आडवी-उभी धरून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर ती जागा पुन्हा घासा, कारण एक एमएम सनमायका खालचा खड्डा झाकत नाही. शेवटी ब्रशने झाडून कोरड्या सुती फडक्याने पुसा. सनमायकाची मागची बाजूही तशीच पुसा.

शीट कापताना माथ्याचा तुकडा प्रत्येक बाजूला पाव इंच ते तीन सूत मोठा ठेवा. सनमायका कटरने चांगल्या बाजूवर पट्टी धरून तीन-चार वेळा रेघ ओढा. मग रेघेवर पट्टी दाबून मोकळी बाजू वर उचला, तुकडा रेघेवर सरळ तुटतो. खाली वाकवला तर रंगीत थराचे टवके उडतात. कडेच्या पट्ट्या पावणेदोन इंच रुंद कापा.

आधी कड, मग माथा. हा क्रम उलटा करू नका. माथा कडेच्या पट्टीवर आला की जोड समोरून दिसतो आणि वर सांडलेलं पाणी थेट फटीत उतरत नाही. कड आधी चिकटवून वरच्या बाजूने प्लायच्या पातळीला आणावी लागते. ती केसभर जरी वर राहिली, तरी माथा त्या रेघेवर उचलला जातो आणि सुटायला सुरुवात तिथूनच होते. कडेवर प्लायचे उघडे थर असतात आणि ते सोल्युशन खूप पितात. म्हणून कडेला दोनऐवजी तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात सुकू द्या.

माथ्यासाठी प्लायवर पहिला पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. हा हात फक्त प्लायची तहान भागवायला असतो. नंतर सनमायकाच्या मागे एक हात लावा, आणि लगेच प्लायवर दुसरा. सनमायका काही पीत नाही, म्हणून त्याचा थर सावकाश सुकतो. प्लायचा लवकर सुकतो. या क्रमाने दोन्ही साधारण एकाच वेळी तयार होतात. तुम्ही दोघं आहात हा मोठा फायदा आहे. भावाने सनमायका घ्यावा, तुम्ही प्लाय, आणि दोघांनी एकाच टोकाकडून एकाच वेगाने सुरुवात करावी. म्हणजे कुठल्याही जागी समोरासमोरचे दोन थर एकाच वयाचे राहतात. तीन इंची ब्रश एका दिशेने ओढा, पुन्हा पुन्हा मागे-पुढे घासू नका. अर्धवट सुकलेलं रबर ब्रशला चिकटून त्याच्या गोळ्या होतात आणि प्रत्येक गोळी वरून फोडासारखी दिसते. कडेपासून दोन इंचांच्या पट्ट्यात थर सलग हवा, कोरडा डाग राहता कामा नये. काउंटर सुटतो तो नेहमी कडेकडून.

एखादं टोक जास्त सुकलं, बोटाला अजिबात ओढ जाणवत नाही, असं झालं तर ताण घेऊ नका. दोन्ही पृष्ठांवर तेवढ्या भागात आणखी एक पातळ हात द्या. खालचं रबर पुन्हा मऊ होतं. हे चिकटवण्याआधी लक्षात आलं तर पाच मिनिटांचं काम आहे, नंतर लक्षात आलं तर सगळी शीट काढायची वेळ येते. पावसाळ्यात अडचण वेगळी असते. द्रव उडताना पृष्ठ गार पडतं आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थर दुधट दिसायला लागतो. अशा थरावर चिकटवू नका. तो पारदर्शक होईपर्यंत थांबा, नाहीतर ते काम कोरड्या दिवसावर ढकला.

सनमायका प्लायवर टेकला की तो सरकत नाही, एक सूतभरही नाही. म्हणून मधे पट्ट्या ठेवाव्या लागतात. अर्धा इंची, स्वच्छ, न रंगवलेल्या लाकडी पट्ट्या साधारण नऊ-दहा इंचांवर आडव्या मांडा. त्यांची लांबी काउंटरच्या रुंदीपेक्षा जास्त हवी, म्हणजे बाहेरून ओढता येतात. तयार झालेला थर कोरड्या लाकडाला फारसा चिकटत नाही. वर सनमायका ठेवा, चारही बाजूंना तो सारखा बाहेर येतो का बघा, निवांत सरकवा. मग मधली पट्टी काढा आणि तिथे तळहाताने मधून कडेकडे दाबा. नंतर एकदा डावीकडची पट्टी, एकदा उजवीकडची. एकाच टोकाकडून सुरुवात केली तरी चालतं, पण सहा फुटांत टोकाकडे थोडा तिरकेपणा वाढतो. मध्यापासून तो निम्मा राहतो. दोन्ही टोकांकडून मध्याकडे येऊ नका, हवा मध्ये कोंडते.

दाब द्यायला तीन इंची कडक रबराचा रोलर घ्या. रंगाचा रोलर उपयोगाचा नाही, आणि फडक्याने चोळणं तर मुळीच पुरत नाही. तुमच्या आधीच्या काउंटरला बहुधा फडकंच फिरवलं असेल. रोलर अरुंद असतो म्हणूनच अंगाचा भार थोड्या जागेवर पडतो. कोपर सरळ ठेवून खांद्याने भार द्या. मध्यापासून कडेकडे, आधी लांबीने, मग रुंदीने, प्रत्येक पट्टा थोडा मागच्यावर चढवत. कडेला आल्यावर रोलरचा अर्ध्याहून जास्त भाग प्लायवर राहू द्या. तो बाहेर आलेल्या सनमायकावर घसरला तर कड तडकते आणि तडा आत माथ्यापर्यंत जातो. रोलर मिळालाच नाही, तर एक फूटभर लाकडी ठोकळा जाड कापडात गुंडाळून ठेवा आणि त्यावर हातोडीने ठोकत सगळ्या माथ्यावरून जा. हे काम सावकाश होतं, पण पक्कं होतं. शेवटी बोटाच्या पेराने सगळीकडे ठकठक करा. भरीव आवाजाच्या मध्ये कुठे पोकळ आवाज आला तर तिथे पुन्हा जोर लावा.

कडा लगेच छाटता येतात, कारण पकड लगेच बसते. तरी तासभर थांबलेलं बरं. बाहेर आलेलं सोल्युशन ओलं असलं की ते ट्रिमरच्या पात्यावर आणि बेअरिंगवर गोळा होतं. गोळा झालेल्या बेअरिंगने काम केलं तर कड लाटांसारखी निघते. ट्रिमरला खाली बेअरिंग असलेला सरळ फ्लश बिट लावा. बेअरिंग कडेच्या सनमायकावरून फिरणार आहे, म्हणून ती जागा आधी पुसा आणि तिच्यावर मास्किंग टेप लावा किंवा हलका मेणाचा हात द्या, नाहीतर चकचकीत पृष्ठावर काळी रेघ उठते. काउंटरच्या समोर उभं राहून मशीन डावीकडून उजवीकडे न्या. उलट नेलं तर पातं सनमायका ओढत पळतं आणि टवके पाडतं. मधेच थांबू नका, थांबलेल्या जागी जळलेला डाग राहतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडे सुईसारखे उडतात.

ट्रिमर नसेल तर बारीक दाताच्या कानशीने काम होतं, वेळ मात्र चांगलाच लागतो. कानस फक्त पुढे आणि खाली ढकलताना घासा, म्हणजे जोर सनमायकाला प्लायवर दाबतो. मागे येताना उचला. मागे ओढताना घासली तर दात सनमायकाला खालून उचकटतात. ट्रिमर वापरला तरी शेवटचं काम कानशीचंच असतं. आधी कड सरळ करा, मग ४५ अंशांत दोन-तीन हलके हात. धार बोटाला टोचली नाही की पुरे. जास्त घासलं तर खालची काळपट रेघ रुंद दिसते. कोपरे किंचित गोल करा. गिऱ्हाइकाची पिशवी नेमकी तिथेच अडकते.

कडेला राहिलेलं सोल्युशन अंगठ्याने चोळलं की गोळ्या होऊन निघतं. हट्टी डागासाठी थिनर फडक्यावर घ्या, काउंटरवर ओतू नका. थिनर जोडात शिरला तर आतलं रबर विरघळवतो.

जुन्या काउंटरचंही सांगतो. सुटलेली कड आतून कोरडी असेल तर आधी आतली धूळ काढा, हेअर ड्रायरने सनमायका हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवा आणि लगेच रोलरने जोर लावा. रबर उष्णतेने पुन्हा मऊ होऊन धरतं. ड्रायर किंवा इस्त्री हे फक्त जुन्या, सुकलेल्या कामासाठी. ताज्या सोल्युशनजवळ ती आणू नका. थिनरचा वास येत असेल तिथेही नाही. फुग्यावर जाड कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत रोलर चालू ठेवा. एकदा बसून पुन्हा उठला तर आत ओल आहे, मग तेवढी शीट काढूनच नवी लावावी लागेल. तेलकट झालेली जुनी शीट तशीच ठेवून तिच्यावर दुसरा सनमायका चिकटवायचा विचार करू नका.

आणि नवा काउंटर कुठे ठेवणार, हे आत्ताच ठरवा. हे रबर तापलं की मऊ होतं. शेगडी शेजारी असेल किंवा गरम तवा थेट माथ्यावर ठेवला जाणार असेल, तर तेवढ्या भागात ग्रॅनाइट किंवा स्टीलचा पत्रा बसवा. दुकानाचं शटर पश्चिमेला असेल आणि दुपारचं ऊन थेट काउंटरवर पडत असेल, तर गडद रंगाऐवजी फिकट सनमायका घ्या आणि उन्हाळ्यात समोर ताडपत्रीचा आडोसा करा.

पहिले दोन दिवस काउंटरवर जड बरण्या कडेला ठेवू नका आणि ओलं फडकंही फिरवू नका. पकड लगेच बसते, पण पूर्ण ताकद यायला काही दिवस लागतात.